100 मुलींच्या होस्टेलचा 3 आठवड्यांचा मेनू कसा बसवायचा: आधी पैसे, मग ग्रॅम, पदार्थांची नावं शेवटी

मेसचं काम पहिल्यांदा हातात आलं की जवळपास सगळेजण एकच करतात, वही उघडून सोमवार कांदेपोहे, मंगळवार उपमा, बुधवार इडली असं लिहायला बसतात. अर्ध्या तासात आठवडा भरतो, छान दिसतो, भिंतीवर लागतो, आणि 20 तारखेला कळतं की महिन्याचे पैसे संपले. मग उरलेले 10 दिवस वरणात पाणी आणि भाजीत बटाटा. मी बरीच वर्षं मुलींच्या होस्टेलची मेस बघतेय आणि सुरुवातीला मीही असंच केलं होतं, म्हणून नवीन लोकांसाठी हे नीट क्रमाने लिहितेय. दवाखाना आणि शाळा यांच्याबद्दल शेवटाकडे थोडं आहे, कारण सांगाडा तोच असतो, फक्त काही गोष्टी बदलतात.

उदाहरण म्हणून एकच होस्टेल धरू. पटावर 100 मुली, वय 17 ते 22, नाश्ता, दोन जेवणं, दुपारचा चहा. शाकाहारी स्वयंपाकघर, अंडं चालतं. मेस बिल महिन्याला 3600 रुपये. खाली जे भाव देतेय ते ठोक खरेदीचे, हिशोब दाखवण्यापुरते धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या बाजारातले घाला, पद्धत तीच राहते.

पायरी 1: धान्या-भाजीला खरे किती रुपये मिळतात ते काढा

3600 भागिले 30 म्हणजे दिवसाला 120 रुपये. हे 120 जेवणाचे नाहीत. यातून आचारी, पोळीवाल्या मावशी, भांडीवाल्या, गॅस, लाईट, साबण, मिक्सरची दुरुस्ती हे सगळं जातं. मागच्या 3 महिन्यांची बिलं काढून बसा आणि हा खर्च वेगळा करा, अंदाजाने करू नका. आपल्या उदाहरणात तो 40 टक्के धरू, म्हणजे 48 रुपये गेले, उरले 72. हे 72 रुपये एका मुलीचे एका दिवसाचे कच्च्या मालाचे पैसे. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

खाड्यांचं काय करायचं ते इथेच ठरवा. मुलगी घरी गेली आणि 3 दिवसांपेक्षा जास्त खाडा असेल तर पैसे वजा होतात असा नियम असेल तर तेवढे पैसे तुमच्याकडे येणारच नाहीत, पण एक-दोन दिवसांचे खाडे वजा होत नसतील तर ते पैसे राहतात आणि स्वयंपाक मात्र कमी करायचा असतो. शनिवारी रात्री पटावर 100 असल्या तरी जेवायला 60 येतात, सोमवारी रात्री 95 येतात. दर वाराच्या दर जेवणाला किती ताटं लागली हे एक महिना नुसतं लिहून काढलं तरी शनिवार-रविवारचं उरणारं अन्न निम्म्यावर येतं.

पायरी 2: एका मुलीच्या दिवसाचे ग्रॅम ठरवा, पदार्थ अजून नाही

आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या तक्त्यात 55 किलो वजनाच्या बाईला, बैठं काम असेल तर 1660 आणि मध्यम कष्टाचं असेल तर 2130 किलोकॅलरी दिल्यात. प्रथिनं साधारण 46 ग्रॅम, लोह 29 मिलिग्रॅम. कॉलेजला जिने चढणाऱ्या, काही खेळणाऱ्या मुली म्हणजे 2000 च्या आसपास धरायचं. प्रथिनं मात्र 46 वर थांबवायची नाहीत, 55 ते 60 धरायची, कारण आपल्या जेवणात बरीचशी प्रथिनं धान्यातून येतात आणि ती तेवढी अंगी लागत नाहीत, शिवाय ताटात वाढलेलं सगळं पोटात जातंच असं नाही.

आता हे कच्च्या मालात मांडायचं, एका मुलीला, एका दिवसाला, आणि पुढे रुपये:

कणीक 150 ग्रॅम, म्हणजे 5 पोळ्या, 6.00
तांदूळ 100 ग्रॅम, 4.50
नाश्त्याचं धान्य (पोहे, रवा वगैरे) 60 ग्रॅम, 3.30
डाळ 35 ग्रॅम, 4.55
कडधान्य 40 ग्रॅम, 4.00
भाज्या, बाजारातून आणलेल्या वजनाने, 300 ग्रॅम, 12.00
दूध 200 मिली, अर्धं चहाला आणि अर्धं दही-ताकाला, 11.00
तेल 30 ग्रॅम, 4.50
शेंगदाणे 20 ग्रॅम, 2.60
साखर-गूळ 25 ग्रॅम, 1.15
एक केळं किंवा त्या भावातलं फळ, 4.00
मसाला, मीठ, चहापत्ती, कोथिंबीर, लिंबू, 4.00

बेरीज करा, साधारण 61 रुपये 60 पैसे येतात. कॅलरी 2050 ते 2100 च्या मधे आणि प्रथिनं 60 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे साध्या दिवसाचं जेवण 72 च्या आत बसलं आणि दिवसाला 10 रुपये उरले, आठवड्याला 70.

हे 70 रुपये म्हणजेच तुमची व्हरायटी, हे लक्षात घ्या. यातले 14 रुपये आठवड्यात दोन अंड्यांना (अंडं न खाणाऱ्यांना त्या भावाचं दूध किंवा चिक्की). 25 रुपये रविवारच्या फीस्टला, त्यात 60 ग्रॅम पनीर बसतं आणि थोडं गोडधोड. उरले 31, ते हात न लावता ठेवायचे, कारण टोमॅटो कधी भडकेल, गॅस कधी वाढेल सांगता येत नाही. नवीन मॅनेजर काय करतो तर पहिल्याच आठवड्यात हे 70 चे 70 खर्च करून टाकतो, मुली खूष होतात, आणि त्याच मुली चौथ्या आठवड्यात वॉर्डनकडे तक्रार घेऊन जातात.

या यादीत एक गोष्ट पक्की धरायची, डाळ-कडधान्याचे 75 ग्रॅम. भाव वाढला की पहिला हात तिथेच जातो. तूर महागली तर तूर बदला, निम्मी मसूर घाला, हरभऱ्याची डाळ घाला, मुगाचं वरण करा, पण 75 चे 50 करू नका. पंधरा-वीस ग्रॅम काढले तर दीड-दोन रुपये वाचतात आणि प्रथिनं साडेतीन ते साडेचार ग्रॅमने खाली येतात, एवढ्या स्वस्तात ती परत कुठूनच मिळत नाहीत. सोयावडी त्याहून स्वस्त पडते हे खरं आहे, 100 ग्रॅमला 50 च्या आसपास प्रथिनं, पण अख्ख्या वड्यांची रस्साभाजी मी ज्या ज्या वेळी केली त्या त्या वेळी वड्या ताटाच्या कडेला रांगेत लावलेल्या सापडल्या. गरम पाण्यात भिजवून, दोनदा घट्ट पिळून, जाडसर वाटून मटारबरोबर खिम्यासारखी केली तेव्हा खपली. पिळायचं विसरलं की तो कच्चट वास जात नाही, मग मसाला कितीही घाला.

डाळीला पाय फुटतात ते आणखी एका ठिकाणी. 95 जणींना 35 ग्रॅम म्हणजे 3 किलो 300 ग्रॅम डाळ. कोठीतून तेवढी निघाली, वहीत तेवढी लिहिली, तरी वरण पातळ येतं, कारण ऐनवेळी 10 ताटं वाढली की पातेल्यात दोन तांबे पाणी जातं. तपासायला सोपं आहे, वरण वाटीत काढून 10 मिनिटं तशीच ठेवा. वर बोटभर नितळ पाणी आलं तर समजायचं पाणी मागून घातलंय. आचाऱ्यावर ओरडून काही होत नाही, त्याला जेवणाच्या दोन तास आधी ताटांचा आकडा द्या, तो आकडा मिळत नाही म्हणूनच तो पाणी घालतो.

पायरी 3: चक्र किती दिवसांचं

आठवड्याचं चक्र लावलं तर महिन्याभरात मुली वारांना भाज्यांची नावं देतात. मंगळवार म्हणजे कोबी. कोबी चांगली झाली तरी मंगळवार म्हटलं की बाहेरून वडापाव येतो. चार-पाच आठवड्यांचं चक्र केलं तर मुलींना आवडतं, पण आचाऱ्याच्या डोक्यात बसत नाही आणि कोठीत अर्धी अर्धी पाकिटं पडून राहतात, किडे होतात. होस्टेलला 3 आठवडे, म्हणजे 21 दिवस, हे बरोबर पडतं असा माझा अनुभव आहे. वर्षातून 3 चक्रं करायची, पावसाळा, थंडी, उन्हाळा, कारण जूनमधली मेथी आणि डिसेंबरमधली मेथी ही भावाने आणि चवीनेही एक भाजी नाही.

पायरी 4: आधी चौकट, मग नावं

मोठा कागद घ्या, 21 ओळी आखा. उभे रकाने: नाश्ता, दुपारची भाजी, दुपारची आमटी-वरण, कोशिंबीर, रात्रीची भाजी, रात्रीचा भात किंवा आमटी, आणि सगळ्यात उजवीकडे एक रकाना, त्यावर लिहा "आदल्या दिवशीचं काम". हा शेवटचा रकाना बहुतेक मेनूत नसतो आणि म्हणूनच बहुतेक मेनू तिसऱ्या दिवशी कोलमडतात.

रकान्यात लगेच मटकी-दुधी लिहू नका, आधी प्रकार लिहा. दिवसातून एकदा कडधान्य, उसळीत किंवा आमटीत, आणि निदान एकदा भाजी. एका वेळी सुकं असेल तर दुसऱ्या वेळी रस्सा. पालेभाजी आठवड्यातून 3 वेळा, कारण रोज निवडायला माणसं नसतात. फळभाजी 4-5 वेळा, शेंगभाजी 2 वेळा. तळण आठवड्यातून एकदाच, तेही ज्या दिवशी नाश्ता वाफवलेला किंवा नुसता मिसळलेला असेल त्या दिवशी. प्रकार भरले की मग प्रत्येक चौकोनात एक नाही, तीन नावं लिहायची: "दुधी / दोडका / पडवळ". बाजारात गेलेला माणूस त्यातलं जे स्वस्त आणि ताजं ते आणेल आणि तुमची चौकट हलणार नाही. एकच नाव लिहिलं की तो 80 रुपये किलोचा दोडका घेऊन येतो, कारण मेनूत दोडका आहे.

आता बटाट्याचं. माझ्या पहिल्या मेनूत एका मंगळवारी सकाळी बटाटेपोहे, दुपारी बटाट्याचा रस्सा आणि रात्री पावभाजी होती. तिन्ही वेगवेगळ्या रकान्यात होते म्हणून लिहिताना दिसलं नाही, एका मुलीने रात्री ताट पुढे करून "मॅडम आज बटाट्याचा वाढदिवस आहे का" म्हटलं तेव्हा दिसलं. तेव्हापासून मी लाल पेनने प्रत्येक बटाट्याभोवती गोल करते, रविवार धरून आठवड्यात 4 पेक्षा जास्त गोल नकोत आणि एका दिवसात दोन नकोत. तसंच हिरव्या पेनने कांदा-टोमॅटोच्या ग्रेव्हीभोवती. हे जास्त महत्त्वाचं आहे बरं का, कारण मटार-पनीर, राजमा, छोले, मिक्स व्हेज अशी चार नावं असतात आणि खाली वाटण एकच असतं, मुलींना ते चौथ्या दिवशी बरोबर कळतं, नाव नाही सांगता येत, नुसतं "सगळं एकसारखंच लागतं" म्हणतात. एकदा दाण्याच्या कुटाची, एकदा खोबरं-तिळाच्या वाटणाची, एकदा नुसत्या गोडा मसाल्याची, एकदा ताकातली, एकदा पीठ पेरून, अशी फिरवली तर तीच दुधी पाच भाज्या होते आणि खर्च वाढत नाही.

लोहाचा विचारही इथेच करायचा. 29 मिलिग्रॅम हा आकडा मुलींच्या जेवणात गाठणं खरंच अवघड आहे, आणि बऱ्याच मुली आधीच हिमोग्लोबिन कमी असलेल्या येतात. नुसती पालेभाजी वाढवून भागत नाही. बाजरी, मटकी-मसूर-हरभरा, तीळ, हे रकान्यात फिरत ठेवा आणि त्या जेवणाला लिंबाची फोड किंवा आवळा किंवा पेरू द्या, कारण क जीवनसत्त्व बरोबर असलं की वनस्पतीतलं लोह जास्त शोषलं जातं. 95 जणींना पाव-पाव लिंबू म्हणजे 24 लिंबं. आणि चहा जेवणाला चिकटून नको, चहातल्या टॅनिनने तेच लोह अडतं. आमच्याकडे दुपारी पावणेदोनला चहा ठेवत, कारण भट्टी चालू असायची आणि मावशींना पुन्हा पेटवायला नको. तो 4 वाजता केला. आठवडाभर कुरकुर झाली, मग सवय लागली.

पायरी 5: स्वयंपाकघराला झेपतंय का

कागदावर छान दिसणारा मेनू शेगडीवर बसायला पाहिजे. 3 भट्ट्या आहेत, एकावर भात, एकावर वरण-भाजी आळीपाळीने, एकावर तवा. एकाच दिवशी पुरी-भाजी आणि संध्याकाळी भजी लिहिली तर कढई दोनदा चढणार आणि भात साडेबाराला व्हायचा तो दीडला होणार. दिवसाला 100 मुलींच्या 500 पोळ्या लागतात, एक किलो कणकेच्या साधारण 33 पोळ्या होतात, म्हणजे 15 किलो कणीक दोन वेळात मिळून मळायची आणि लाटायची. ज्या दिवशी भाकरी लिहाल त्या दिवशी मावशींकडून दुसरं काही निवडायचं-चिरायचं काम घेऊ नका, भाकरी थापायला पोळीपेक्षा वेळ जास्त लागतो आणि ती आधी करून ठेवता येत नाही. म्हणून भाकरीच्या दिवशी मी झुणका किंवा पिठलं ठेवते, त्याला चिरायला फक्त कांदा लागतो.

आता "आदल्या दिवशीचं काम" म्हणजे काय ते मटकीवरून सांगते. गुरुवारी दुपारी मटकीची उसळ आहे. 95 ताटं गुणिले 40 ग्रॅम, म्हणजे कोरडी मटकी 3 किलो 800 ग्रॅम. ती मंगळवारी दुपारीच कोठीतून बाहेर आली पाहिजे, कारण निवडायची आहे, खडे असतात. मंगळवारी रात्री कोमट पाण्यात भिजत घालायची. बुधवारी सकाळी उपसून, पाणी पूर्ण निथळवून सुती कापडात बांधायची, एक मोठं गाठोडं न करता 3 लहान करायची, मोठ्या गाठोड्यात मधली मटकी तापते आणि चिकट होते. गुरुवारी सकाळी मोड तयार. डिसेंबर-जानेवारीत मोड यायला अर्धा दिवस जास्त लागतो, मग गाठोडं भट्टीजवळच्या कोपऱ्यात ठेवायचं, नाहीतर त्या महिन्यांत उसळ रात्रीच्या जेवणाला न्यायची. वास आंबूस आला, हाताला तार सुटली तर टाकून द्यायची, धुऊन वापरायची नाही. म्हणजे गुरुवारच्या एका चौकोनासाठी मंगळवारच्या आणि बुधवारच्या उजव्या रकान्यात काम लिहावं लागतं. इडलीचं पीठ, राजमा-छोले, दही लावणं, सगळ्याचं असंच.

पायरी 6: इंडेंट म्हणजे मालाची यादी काढताना निवडल्यानंतरचं वजन बघा

मेथीची भाजी 95 जणींना, निवडलेली 80 ग्रॅम प्रत्येकी, म्हणजे 7 किलो 600 ग्रॅम पानं. जुडीतलं साधारण निम्मं वजन देठ, मुळं आणि मातीत जातं, म्हणजे 15 किलो मेथी आणायची. भाव 40 रुपये किलो असला तरी तुम्हाला ती 80 ने पडली. मटारच्या शेंगांचंही जवळपास असंच, निम्मं साल. कोबी, गाजर, दुधी यात फार जात नाही. म्हणून 300 ग्रॅम भाजीला 12 रुपये हा आकडा आठवड्याचा सरासरी म्हणून बघा, मेथीच्या दिवशी तो वर जाणार आणि कोबीच्या दिवशी खाली येणार, एकाच दिवशी मेथी आणि मटार दोन्ही आले की मात्र हिशोब गेलाच.

वाढायच्या पळ्या एकसारख्या करा. एक वाटी पाण्याने भरून मापून 100 मिलीची वरणाची पळी ठरवा, तीच वाढायला ठेवा. पळी बदलली की तुमचे सगळे ग्रॅम बदलतात, आणि शेवटच्या 15 मुलींना भाजी पुरत नाही. या शेवटच्या मुली बहुतेक प्रॅक्टिकल संपवून उशिरा येणाऱ्या असतात, म्हणजे रोज त्याच. त्यांच्यासाठी आधीच एक डबा वेगळा काढून झाकून ठेवायला सांगा.

पायरी 7: ताटात काय उरतं ते वजनाने मोजा

ताटं घासायच्या जागी तीन बादल्या ठेवा: ताटातलं उष्टं, पातेल्यात उरलेलं, आणि सालं-देठं. आठवडाभर साध्या वजनकाट्यावर मोजा, कोणत्या दिवशी काय टाकलं ते लिहा. सगळं एकाच बादलीत गेलं तर काहीच कळत नाही, कारण पातेल्यात उरलं म्हणजे ताटांचा अंदाज चुकला आणि ताटात उरलं म्हणजे पदार्थ चुकला, दोन्हीचे उपाय वेगळे.

माझ्या वहीतली एक नोंद सांगते. दुधीची रस्साभाजी, 96 ताटं, साधारण 120 ग्रॅम वाढ, म्हणजे साडेअकरा किलो भाजी. उष्ट्याच्या बादलीत दुधी साडेचार किलो. जवळपास 40 टक्के. कागदावर ती आठवड्यातली सगळ्यात स्वस्त भाजी होती, 30 रुपये किलो. पण खाल्ली गेली त्या हिशोबाने ती 50 ची झाली, आणि जिने भाजी टाकली तिची त्या जेवणातली भाजी शून्य झाली. पुढच्या चक्रात तीच दुधी बारीक चिरून, हरभऱ्याची डाळ भिजवून घालून, पाणी आटवून, वर दाण्याचा कूट, अशी सुकी केली. उष्टं किलोभराच्या आसपास आलं. किसलेली दुधी थालिपिठात घातली तर कुणी विचारलंही नाही. म्हणजे मुलींना दुधी नको नव्हती, पाणचट मोठ्या फोडी नको होत्या. मतपत्रिका भरून घेतली असती तर "दुधी बंद करा" एवढंच आलं असतं.

उपवासाचं वेगळं बघा. श्रावणी सोमवार, एकादशी, संकष्टी, नवरात्र हे सगळं चक्रावर वरून येतं, चक्राच्या 21 दिवसांत बसत नाही. आदल्या संध्याकाळी सूचनाफलकावर कागद लावायचा, उपवासवाल्यांनी नाव लिहायचं. नुसती साबुदाण्याची खिचडी म्हणजे पिष्ट आणि तेल, म्हणून दाण्याचा कूट हात राखून घालू नका आणि बरोबर दही द्या, किंवा वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी करा. संकष्टीला चंद्रोदयानंतर जेवणाऱ्या मुलींचं पूर्ण जेवण झाकून ठेवायला लागतं, ते ताटांच्या आकड्यातून वजा करू नका. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या काही असतात, त्यांच्यासाठी वेगळी भाजी न करता वरण आणि एक सुकी भाजी कांदा-लसूण न घालता ठेवली की भागतं.

दवाखाना असेल तर

रुग्ण बहुतेक 4-5 दिवसांत घरी जातो, त्यामुळे 7 दिवसांचं चक्र पुरतं, त्याला पुनरावृत्ती दिसतच नाही. तिथे अडचण दुसरी, मधुमेहाचं, कमी मिठाचं, मऊ, असे 5-6 प्रकारचे ताट एकाच स्वयंपाकघरातून जातात. नवीन डाएटिशियन 5 वेगळे मेनू लिहिते आणि आचारी पाचही एकत्र करून टाकतो. एकच मूळ मेनू लिहा आणि तो कुठे फुटतो ते लिहा: डाळ शिजली, मीठ-फोडणी घालायच्या आधी कमी मिठाचं पातेलं बाजूला काढलं, त्यातलंच थोडं घोटून मऊ आहाराला, उरलेल्याला फोडणी. मधुमेहाला भाजी-वरण तेच, भात मोजून, गोड नाही. म्हणून मूळ भाजीच अशी निवडा की जी फोडणीआधी चांगली लागते. भरली वांगी अशी फोडता येत नाहीत, दुधी, लाल भोपळा, पडवळ फोडता येतात. किडनीच्या रुग्णाचं ताट मात्र यात बसवू नका, त्याचं पोटॅशियम-प्रथिनांचं गणित डॉक्टरांच्या कागदावरूनच वेगळं काढायचं.

शाळा असेल तर

शालेय पोषण आहारात ग्रॅम सरकारनेच ठरवून दिलेत. पहिली ते पाचवीला एका मुलाला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल, यातून 450 किलोकॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला 150, 30, 75 आणि साडेसात ग्रॅम, 700 किलोकॅलरी, 20 ग्रॅम प्रथिनं. लहान मुलांचं गणित करून बघा, 100 ग्रॅम तांदळात साडेसात, 20 ग्रॅम डाळीत साडेचार, म्हणजे 12 झाले, भाजीतलं किंचित वर. डाळ निम्मी झाली की प्रथिनं लगेच 10 वर येतात, दुसरीकडून भरून यायला काही नसतंच. त्यामुळे तिथली व्हरायटी डाळ कोणती आणि फोडणी कसली एवढ्यातच शोधायची, मुगाची खिचडी, मटकीचा मसालेभात, वाटाण्याची उसळ-भात. पालेभाजी खिचडीत शेवटच्या 5 मिनिटांत बारीक चिरून घाला, आधी घातली तर काळी पडते आणि लहान मुलं बोटाने वेचून बाहेर काढतात.

पहिलं चक्र संपल्यावर

21 दिवस झाले की सगळा मेनू फाडून नवा लिहू नका. वहीत प्रत्येक दिवसासमोर तीन आकडे असतील, ताटं किती, माणशी खर्च किती, उष्टं किती. ज्या 4 दिवसांचं उष्टं सगळ्यात जास्त त्यातलेच चौकोन बदला, बाकी राहू द्या. खर्च 72 च्या वर गेलेले दिवस वेगळे बघा, बहुतेक वेळा कारण पदार्थ नसतो, त्या दिवशी दोन महाग चौकोन एकत्र आलेले असतात, म्हणजे मटार आणि पनीर, किंवा मेथी आणि अंडं. त्यातला एक उचलून दुसऱ्या आठवड्यात टाकला की काम होतं. मग नवा कागद आचारी आणि दोन्ही मावशींसमोर मोठ्याने वाचायचा, प्रत्येक दिवसाचा उजवा रकाना त्यांच्याकडून भरून घ्यायचा, कारण कधी काय भिजवायचं ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. वाचताना त्या कुठल्या दिवशी एकमेकींकडे बघतात त्यावर लक्ष ठेवा, तो दिवस झेपणारा नाही.